अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा: चक्रवाढ, डिस्काउंटिंग आणि हप्त्यांचं गणित

पाडवा किंवा दसरा जवळ आला की पुण्यात सराफांच्या जाहिरातींना ऊत येतो. त्यातली एक योजना बहुतेकांच्या ओळखीची आहे: अकरा महिने हप्ता तुम्ही भरायचा, बाराव्या हप्त्याची रक्कम पेढी घालणार आणि एकूण रकमेचे दागिने तुम्ही न्यायचे. फायनान्सच्या पहिल्या सत्रात जी तीन सूत्रं शिकवतात, ती तिन्ही या एका योजनेत सापडतात. म्हणून पुस्तकातल्या 'अ ने ब ला कर्ज दिले' या उदाहरणाऐवजी आपण हीच योजना घेऊ.

समजा हप्ता ५,००० रुपयांचा आहे. पहिला ५ एप्रिलला भरला, मग दर महिन्याच्या ५ तारखेला एक, असं करत अकरावा ५ फेब्रुवारीला. ५ मार्चला ६०,००० रुपयांचे दागिने मिळणार. तुम्ही भरले ५५,०००, पेढीने घातले ५,०००. आता प्रश्न असा, की हा परतावा वर्षाला किती टक्के झाला?

वर्गात विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ५५ हजारांवर ५ हजार, म्हणजे साधारण नऊ टक्के. बँकेचं रिकरिंग सात टक्के देत असेल तर फरक दोन टक्क्यांचा. एवढ्यासाठी पैसे सोन्यात कशाला अडकवायचे, असा सूरही लगेच लागतो. पण नऊ हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते थोडंथोडकं चुकलेलं नाही.

चूक कुठे आहे ते सूत्राशिवायही दिसतं. ५५ हजार रुपये पेढीकडे वर्षभर पडून नव्हतेच. एप्रिलचे ५,००० अकरा महिने होते, मेचे दहा महिने, आणि फेब्रुवारीचे फक्त एक महिना. ११ + १० + ९ असं करत १ पर्यंत बेरीज केली तर ६६ येते. म्हणजे व्याजाच्या हिशेबाने तुम्ही ५,००० रुपये एकूण ६६ महिने वापरायला दिले आणि त्याबद्दल ५,००० मिळाले. महिन्याला एक भागिले ६६, म्हणजे सुमारे १.५ टक्के. वर्षाला सरळव्याजाने १८ टक्के. नवाच्या दुप्पट. बँकेत हाताने व्याज काढायचे तेव्हा रक्कम गुणिले दिवस असा 'प्रॉडक्ट' मांडून ते काढत. हे तेच आहे, दिवसांच्या जागी महिने घेतले एवढंच.

हा अंदाज झाला. नेमका आकडा काढायचा तर व्याजावरचं व्याज धरावं लागतं, आणि तिथून पहिलं सूत्र सुरू होतं.

पुढे नेणं

एका महिन्याचा व्याजदर i असेल, तर आजचा रुपया महिन्याभराने (1 + i) होतो. पुढच्या महिन्यात व्याज या वाढलेल्या रकमेवर लागतं, म्हणून पुन्हा (1 + i) ने गुणायचं. असं n महिने:

```
FV = PV × (1 + i)^n
```

PV म्हणजे आजची रक्कम, FV म्हणजे n महिन्यांनंतरची. इथे एक पथ्य पाळायचं: i ज्या मुदतीचा, n त्याच मुदतीत मोजायचा. नवशिक्यांच्या निम्म्याअधिक चुका याच जागी होतात. दर वर्षाचा घेतात आणि n महिन्यांत लिहितात. तसं केलं तर ५,००० रुपये अकरा महिन्यांत साडेदहा हजारांच्या वर गेलेले दिसतात, आणि तरीही उत्तर वहीत उतरवून खाली दोन रेघा मारलेल्या असतात. सात टक्क्यांनी कुठलीही रक्कम वर्षाच्या आत दुप्पट होत नाही, एवढं डोळ्यांना खुपलं पाहिजे.

आपण बँकेचा दर वर्षाला ७ टक्के धरू, महिन्याला ०.५८३३ टक्के. प्रत्यक्षात बँका रिकरिंगवर बहुधा तिमाही चक्रवाढ करतात. सोपं राहावं म्हणून इथे मासिक घेतली आहे, फरक फार पडत नाही. एप्रिलचे ५,००० रुपये बँकेत टाकले असते तर अकरा महिन्यांनी, ५ मार्चला, ५,३३० झाले असते. फेब्रुवारीचे ५,००० एकाच महिन्यात ५,०२९ झाले असते. मधले नऊ हप्ते या दोन आकड्यांच्या दरम्यान.

हे अकरा आकडे काढून बेरीज केली की उत्तर आलं. परीक्षेत वेळ नसतो म्हणून त्याचं सूत्र करतात. हप्त्याला R म्हणू. शेवटच्या हप्त्यापासून मागे मोजत गेलं तर मार्चमधली एकूण रक्कम अशी:

```
S = R(1+i) + R(1+i)^2 + ... + R(1+i)^11
```

दोन्ही बाजूंना (1 + i) ने गुणून नव्या ओळीतून जुनी ओळ वजा केली, की मधलं सगळं उडतं आणि फक्त दोन टोकं उरतात. उरलेल्याला i ने भागलं की:

```
S = R × [ (1+i)^n − 1 ] / i × (1+i)
```

समान अंतराने येणाऱ्या समान हप्त्यांच्या मालिकेला ॲन्युइटी म्हणतात, आणि हे तिचं भविष्यमूल्य. शेवटी जो जादा (1 + i) लटकतो आहे, तो महत्त्वाचा. हप्ते महिन्याच्या सुरुवातीला भरले जातात, त्यामुळे शेवटच्या हप्त्यालाही एक महिन्याचं व्याज मिळतं. हप्ता महिनाअखेरीला भरायचा असेल, तर शेवटच्या हप्त्याला व्याज मिळत नाही आणि तो (1 + i) गळतो. प्रश्नात सुरुवातीच्या हप्त्यांची 'ड्यू' आहे की अखेरीच्या हप्त्यांची 'ऑर्डिनरी' यावर घोकंपट्टी करण्यापेक्षा पानाच्या कडेला एक रेघ ओढा, तारखा टाका, आणि शेवटच्या हप्त्यापासून हिशेबाच्या दिवसापर्यंत किती अंतर आहे ते बघा. आपल्या योजनेत ते एक महिना आहे.

आकडे घालू. १.००५८३३ चा अकरावा घात सुमारे १.०६६०७. कंसातून ०.०६६०७ उरतात, त्याला ०.००५८३३ ने भागून, १.००५८३३ ने गुणून येतात ११.३९२६. गुणिले ५,०००, म्हणजे ५६,९६३ रुपये.

याचा अर्थ, तेच हप्ते बँकेत भरले असते तर ५ मार्चला हातात ५६,९६३ रोख आले असते. पेढी ६०,००० चा माल देते आहे. खरी तुलना या दोन आकड्यांची आहे. ५५ हजारांशी तुलना करून काहीच कळत नाही, कारण ५५ हजार ही वेगवेगळ्या तारखांच्या रुपयांची बेरीज आहे.

मागे आणणं

आता हाच हिशेब उलटीकडून. आज ५ एप्रिल आहे, पहिला हप्ता हातात आहे आणि भरायचा की नाही हे ठरवायचं आहे. मार्चच्या ६०,००० ची आज किंमत काय? पुढे नेताना गुणलं होतं, मागे आणताना भागायचं, यालाच डिस्काउंटिंग म्हणतात:

```
PV = FV / (1 + i)^n
```

६०,००० भागिले १.०६६०७, म्हणजे ५६,२८१ रुपये. आज एवढी रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर मार्चमध्ये ६०,००० होतील. अकरा हप्त्यांची आजची किंमत काढायला वेगळं सूत्र पाठ करण्याची गरज नाही. मार्चमधली ५६,९६३ ही बेरीज आपल्याकडे आहेच, ती त्याच १.०६६०७ ने भागली की ५३,४३३ येतात. देणं ५३,४३३ चं, घेणं ५६,२८१ चं. आजच्या रुपयांत फायदा २,८४९ (पैशांच्या राउंडिंगमुळे वजाबाकीत एक रुपया कमी दिसेल).

वजाबाकी मार्चमध्ये करा किंवा एप्रिलमध्ये, निर्णय तोच निघतो. फक्त दोन्ही रकमा एकाच तारखेला आणलेल्या हव्यात. मार्चमधला फरक ३,०३७ आहे आणि तो अकरा महिने मागे आणला की २,८४९ होतो. उत्तर तपासायला ही जागा चांगली आहे: एकीकडचं दुसरीकडे जुळत नसेल, तर n मोजताना एक महिना इकडचा तिकडे झालेला असतो.

दर शोधणं

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. योजनेचा खरा दर किती? म्हणजे असा i शोधायचा, की ५,००० चे अकरा हप्ते मार्चमध्ये बरोबर ६०,००० होतील. सूत्रातून i सरळ बाहेर काढता येत नाही, त्यामुळे चाचपडतच जावं लागतं. महिन्याला १ टक्का धरून पाहिलं तर ५८,४१३ येतात; कमी पडले. दीड टक्का धरला तर ६०,२०६, जास्त झाले. म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये, दीडच्या बरंच जवळ. आपल्याला ५८,४१३ च्या वर १,५८७ हवेत आणि अर्ध्या टक्क्यात १,७९३ वाढतात. त्याच प्रमाणात अर्धा टक्का घेतला की १.४४ टक्के येतात. संगणकावर तेच एका ओळीत होतं:

```
=RATE(11, -5000, 0, 60000, 1)
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ते मुदतीच्या सुरुवातीला. तो विसरलात तर एक्सेल तक्रार करत नाही, निमूटपणे दुसरं उत्तर देतो. आणि जे येतं ते महिन्याचं: १.४४ टक्के. बाराने गुणलं तर १७.३ टक्के. चक्रवाढ धरून वर्षाचा परिणामी दर काढला, म्हणजे १.०१४४३ चा बारावा घात घेतला, तर १८.८ टक्के. बँकेचा सात हा बाराने भागलेला दर होता, म्हणून त्याच्यासमोर १७.३ ठेवायचा. १८.८ ठेवला तर तुलना तिरकी होते. विक्रेता कुठला आकडा सांगतो, हे तो काय विकतोय यावर ठरतं.

सात टक्क्यांच्या जगात १७ टक्के कोण देतो, असा संशय इथे यायलाच हवा. त्याचं उत्तर घडणावळीत आहे.

बोनस रोख मिळत नाही. तो त्याच पेढीत, त्यांच्याच घडणावळीने दागिना घेतल्यावर मिळतो. समजा या पेढीची घडणावळ सोन्याच्या किमतीच्या १४ टक्के आहे, आणि बाजारात तशाच दागिन्याला दुसरा सराफ १० टक्क्यांत तयार आहे. सोन्याचा भाव दोघांचा सारखा, जीएसटीही दोघांना सारख्याच टक्क्यांनी लागणार, त्यामुळे तुलनेत तो कटतो. मग इथे ६०,००० ला मिळणारा दागिना तिथे पडतो ६०,००० गुणिले १.१० भागिले १.१४, म्हणजे ५७,८९५ रुपयांना. तुमच्या दृष्टीने मार्चमधली खरी आवक ६०,००० नसून ५७,८९५ आहे. हा आकडा RATE मध्ये घातला की महिन्याचा दर ०.८५ टक्क्यांवर येतो, वर्षाला १०.२. सतरावरून दहावर, फक्त चार टक्के जादा घडणावळीमुळे. बँकेपेक्षा फायदा उरला ९३२ रुपये.

घडणावळ १६ टक्के असती तर? ६०,००० गुणिले १.१० भागिले १.१६ म्हणजे ५६,८९७. बँकेच्या ५६,९६३ पेक्षा कमी. योजना हरली. त्यामुळे अशा पेढीत विचारायचा पहिला प्रश्न बोनसचा नाही, घडणावळीचा आहे. आणि काही योजना घडणावळीतच सूट देतात, तिथे हाच हिशेब उलट्या दिशेने, योजनेच्या बाजूने झुकतो. शिवाय हे सगळं तुम्ही दागिना घेणारच होता असं धरून आहे. लग्नाचं ठरलं असेल तर ठीक. नुसती गुंतवणूक म्हणून घेऊन पुढे मोडायला गेलात, तर घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत, मग कुठलंच सूत्र मदतीला येत नाही.

आणखी एक बाब दराच्या निवडीची आहे. आपण पेढीच्या वचनाला बँकेच्याच सात टक्क्यांनी मागे आणलं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पेढीत भरलेले हप्ते ही तुम्ही मालापोटी दिलेली आगाऊ रक्कम, तिला ते संरक्षण नाही. योजना अकरा महिन्यांची असण्याचं कारणही यातच आहे: कंपन्यांच्या ठेवींबद्दलच्या २०१४ च्या नियमांनुसार, मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत वळती झाली नाही तर ती ठेव धरली जाते आणि ठेवींचे सगळे निर्बंध लागू होतात. जोखीम जास्त असेल तर डिस्काउंटिंगचा दर जास्त घ्यायचा, हा नियम. किती जास्त, ते सूत्र सांगत नाही. ती तुमची अक्कल. १२ टक्के घेतला, म्हणजे महिन्याला १ टक्का, तर वर पाहिल्याप्रमाणे हप्त्यांचे ५८,४१३ व्हायला हवेत. १४ टक्के घडणावळीची योजना त्या कसोटीला उतरत नाही.

तीच करामत, उलट बाजूने

आता तुम्ही पैसे घेणारे आहात. जुनी स्कूटर घ्यायला ६०,००० चं कर्ज, '१० टक्के फ्लॅट', मुदत एक वर्ष. हिशेब असा मांडतात: ६०,००० वर वर्षाचे ६,००० व्याज, एकूण ६६,०००, भागिले १२, महिन्याला ५,५००. पहिला हप्ता महिन्याभराने.

इथे आजची रक्कम माहीत आहे, म्हणून भविष्यमूल्याचं सूत्र (1 + i)^n ने भागून मागे आणायचं. हप्ते महिनाअखेरीला, त्यामुळे तो जादा (1 + i) नाही:

```
PV = R × [ 1 − (1+i)^(−n) ] / i
```

महिन्याला दीड टक्का घालून बघा. १.०१५ चा बारावा घात १.१९५६२, त्याचा व्यस्त ०.८३६३९. एकातून वजा करून ०.०१५ ने भागलं की १०.९०७५. साठ हजार भागिले १०.९०७५ म्हणजे ५,५०१ रुपये. विक्रेत्याचा हप्ता ५,५००. म्हणजे '१० टक्के फ्लॅट' हे कर्ज प्रत्यक्षात वर्षाला १८ टक्क्यांचं आहे.

कारण सराफाच्या योजनेतलंच. ६०,००० तुमच्याकडे वर्षभर नसतातच. पहिल्या महिन्याचं खरं व्याज ९००, हप्त्यातले ४,६०० मुद्दलात गेले, शिल्लक ५५,४००. असं उतरत शेवटच्या महिन्याच्या सुरुवातीला तुमच्याकडे सुमारे ५,४१९ रुपयेच देणं उरतं. फ्लॅटच्या हिशेबात मात्र त्या महिन्यालाही पूर्ण ६०,००० वरचे ५०० लावलेले असतात. सराफ नऊ वाटणारा दर सतराचा देतो आणि फ्लॅटवाला दहा वाटणारा दर अठराचा घेतो. दोन्हीकडे समोरच्याने मुदत पाहिलेली नसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ मुदतकर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. सही करण्याआधी तो आकडा शोधा. आणि RATE मध्ये कर्जाची रक्कम घालताना प्रोसेसिंग फी वजा करून, प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम घाला.

सरावाला एक उदाहरण. योजना वरचीच, हप्ते एप्रिल ते फेब्रुवारी, पण पेढी म्हणते की दागिने ५ मार्चला नाही, ५ एप्रिलला मिळतील. घडणावळीचा फरक नाही असं धरा. दर किती? अकरा हप्त्यांचं मार्चमधलं भविष्यमूल्य काढा, ते एक महिना पुढे न्या, आणि ६०,००० शी जुळेपर्यंत i बदलत राहा. महिन्याला १.२४ टक्के घातले की मार्चमध्ये ५९,२६६ आणि एप्रिलमध्ये ६०,००१ येतात. वर्षाला १४.९ टक्के. ज्यांना ६६ ची बेरीज आठवत असेल त्यांनी अंदाजही करून बघावा: आता प्रत्येक हप्ता एक महिना जास्त थांबतो, म्हणून ६६ चे ७७ होतात, आणि बारा भागिले ७७ म्हणजे साडेपंधरा टक्के, सरळव्याजाने.